पहिला आकडा कमी आला तेव्हा तुम्ही काय केलंत?

पाऊलवाट

ऑफर आली, भूमिका आवडली, माणसं बरी वाटली, आणि मग फोनवर आकडा ऐकून पोटात खड्डा पडला. असं झालेल्यांनी इथे लिहा. पुढे काय बोललात, काय मिळालं, कुठे फसलात ते सांगा. सुरुवात मीच करते. खरे आकडे लिहिणार नाही, माझा तेव्हाचा पगार १०० धरा.

त्या १००मध्ये फिक्स्ड ९० होता आणि व्हेरिएबल १०. दरवर्षी हातात पडायचे त्यातले साधारण ८, म्हणजे खरी कमाई ९८. अपेक्षा विचारली तेव्हा मी १३० सांगितले होते. ऑफर आली १२०ची. एचआरमधली मुलगी उत्साहाने म्हणाली, "वीस टक्के वाढ आहे!" मी "वा, थँक यू" म्हणून फोन ठेवला. एवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी शहाण्यासारखी केली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, "मेलवर ब्रेकअप पाठवा, दोन दिवसांत कळवते" इतकंच बोलले.

ब्रेकअप आला. फिक्स्ड ९६, व्हेरिएबल १६, जॉइनिंग बोनस ८. रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडत बसले. जॉइनिंग बोनस एकदाच मिळणार, म्हणून दुसऱ्या वर्षाचा हिशोब त्याच्याशिवाय केला. व्हेरिएबलचं एचआरला मेलवर सरळ विचारलं, "गेल्या दोन वर्षांत या ग्रेडला प्रत्यक्ष किती टक्के दिला गेला?" उत्तर आलं साठ ते पासष्ट. म्हणजे १६ नव्हे, १० धरायचे. ९६ अधिक १०, झाले १०६. आत्ता ९८ मिळत होते. वीस टक्क्यांची वाढ रात्री अकरापर्यंत आठ टक्क्यांवर आली! शिवाय माझ्या जुन्या कंपनीचा वर्षाचा बोनस दोन महिन्यांवर होता, तो सोडून जावं लागणार होतं. ते ८ म्हणजेच हा जॉइनिंग बोनस. माझेच पैसे मला रिबीन बांधून परत.

दुसऱ्या दिवशी मेल लिहिला. पाचच ओळी. काम आवडलंय, यायचंय. सोडून येत असलेल्या बोनसची भरपाई जॉइनिंग बोनसमधून होतेय, त्याबद्दल आभार, पण त्यामुळे ती वाढ धरता येत नाही. फिक्स्डमध्ये ९०वरून ९६ ही वाढ नोकरी बदलण्यापुरती नाही. फिक्स्ड १०६ झाला तर याच आठवड्यात सही करून देते.

चार दिवस काहीच नाही. त्या चार दिवसांत मी मेलबॉक्स किती वेळा उघडला ते विचारू नका. मग फोन आला, या ग्रेडची कमाल मर्यादा १०४ आहे, १०३ देऊ शकतो, आणि सहा महिन्यांनी रिव्ह्यू करू. मी म्हटलं रिव्ह्यूचं पत्रात घाला. "ते पॉलिसीत बसत नाही." मग मीही तो रिव्ह्यू हिशोबात शून्य धरला आणि १०३वर हो म्हटलं. सहा महिन्यांनी कोणी काही विचारलं नाही. वाईट वाटलं नाही, कारण मोजलाच नव्हता.

तिरकस

एवढी वही कशाला? नियम एकच, आपण आधी आकडा सांगायचा नाही. ज्याने आधी तोंड उघडलं तो हरला. तुम्ही १३० सांगून बसलात, तिथेच संपलं. मी तीन नोकऱ्या बदलल्या, एकदाही सांगितला नाही.

खुर्चीपलीकडून

मी टेबलाच्या पलीकडे बसते, बारा वर्षं भरतीचंच काम केलंय, म्हणून थोडं लिहिते.

तिरकस यांचं अर्धं खरं आहे. ग्रेडची मर्यादा तुमच्या कल्पनेपेक्षा बरीच वर असेल, तर आधी सांगितलेला आकडा तुम्हालाच बांधून टाकतो. पण उमेदवार काहीच सांगत नाही तेव्हा मी अंतर्यामी होत नाही. मी टीममध्ये त्याच कामावर असलेल्यांचे पगार बघते आणि त्या रांगेत बसेल असा आकडा लावते. तो बहुतेक वेळा मधल्यापेक्षा खालचाच असतो, कारण वर सरकायला जागा ठेवायची असते. पाऊलवाट यांनी १३० सांगितले नसते तर १२० आले असते की ११२, कोण जाणे.

रेंज देणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगते. "१२० ते १३०" म्हणालात की माझ्या फाइलमध्ये १२० लिहिलं जातं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. आकडा वाढवणं माझ्या हातात नसतं. मला वरून मंजुरी आणावी लागते आणि त्यासाठी पुढे ढकलता येईल असं एक वाक्य हवं असतं. "उमेदवार नाराज आहे" यावर कोणी सही करत नाही. "फिक्स्ड १०६ केला तर या आठवड्यात सही करते" यावर चर्चा होते, कारण पैसे मंजूर करूनही माणूस येणार नाही ही भीती त्यात उरत नाही.

फिक्स्डवर आम्ही अडतो त्याचं कारणही तेच, शेजारच्या टेबलावरचा माणूस. त्याच्यापेक्षा नव्याला जास्त दिला की वर्षभर ते प्रकरण निस्तरावं लागतं. एकरकमी जॉइनिंग बोनस त्या रांगेत मोजला जात नाही, म्हणून तो तुलनेने पटकन सुटतो.

अर्धाकप

मी पण मागितलं होतं. सात वर्षं एकाच ठिकाणी आहे, यंदा साहेबांना सांगितलं की वाढ कमी आहे. म्हणाले बघू. अजून बघतायत. तुम्ही मेल इंग्रजीत लिहिला की मराठीत?

पाऊलवाट

@अर्धाकप, तुमचं चालू नोकरीतल्या वाढीचं आहे, ते दुखणं वेगळं. इथे अजून सही व्हायची आहे, तेवढाच काय तो आपला जोर. (इंग्रजीत.)

कोरा कागद

जॉइनिंग बोनस पटकन सुटतो हे खरं, पण तो परतही पटकन जातो. माझ्या पत्रात बारीक अक्षरात होतं, बारा महिन्यांच्या आत सोडलं तर पूर्ण रक्कम परत करायची. मी दहाव्या महिन्यात सोडलं. बोनस हातात आला होता कर कापून, परत मागितला कर कापायच्या आधीचा, पूर्ण! वरचा फरक माझ्या खिशातून. आता सही करण्याआधी दोन प्रश्न विचारतो. परत करायचा झाल्यास राहिलेल्या महिन्यांपुरताच का, आणि हातात आलेली रक्कम की पूर्ण? दुसऱ्या नोकरीत विचारल्यावर महिन्यांच्या हिशोबाने करून मिळालं. त्यांना एक वाक्य बदलायचं होतं, बस.

निवांत७

माझी ऑफर गेली. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

११५वर फोनवर हो म्हणालो. पत्रही आलं. तेवढ्यात दुसरीकडून १२२ आले. मी मेल टाकला, १२५ करा. त्यांनी कुरकुरत १२० केले. मग मित्र म्हणाला अजून ताण, तुटत नाही. तुटलं. दोन ओळींचा मेल आला, "आम्ही पुढे जात आहोत." दरम्यान १२२वाल्यांना मी थांबवून ठेवलं होतं, त्यांनीही दुसरा माणूस घेतला. नशीब एवढंच की जुन्या नोकरीचा राजीनामा अजून दिला नव्हता.

खुर्चीपलीकडून

@निवांत७, मागितल्यामुळे नाही, हो म्हटल्यावर दोनदा मागितल्यामुळे गेली. पहिल्या मागणीवर, नीट बोललेल्या माणसाची ऑफर काढून घेतल्याचं माझ्या हातून तरी झालेलं नाही.

शेंडेफळ

माझी गेली होती. एकदाच मागितलं होतं, तेही अगदी नम्रपणे. छोटी कंपनी, मालकाशी थेट बोलणं. "पैशासाठीच येणार असाल तर नको" म्हणाले. त्यामुळे "असं होत नाही" म्हणू नका. होतं.

खुर्चीपलीकडून

मान्य. मी मोठ्याच ठिकाणी काम केलंय. जिथे ग्रेड नसते आणि मालकाच्याच मनावर असतं, तिथलं मला सांगता येणार नाही.

तिरकस

शेंडेफळ, सुटलात. असला मालक वाढ मागितल्यावरही तेच म्हणाला असता.

शेंडेफळ

तेव्हा चार महिने घरी होते हो. सुटल्यासारखं काही वाटलं नाही.

गुळगुळीत दगड

मी खोटं बोललो होतो. दुसरी ऑफर आहे म्हणालो, नव्हती. पलीकडचा शांतपणे म्हणाला, "छान, पत्र पाठवा, त्याच्याशी जुळवून बघतो." पत्र कुठून आणू? "गोपनीय आहे" म्हणालो. तोही हसला, मीही हसलो. ऑफर राहिली, पण एक पैसा वाढला नाही, आणि जॉइन झाल्यावर वर्षभर त्या माणसासमोरून जाताना मी मोबाइलमध्ये बघायचो.

नवखी

माझी पहिलीच नोकरी. आकडा कमी वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाले या बॅचमधल्या सगळ्यांना सारखाच. खरंच सारखाच होता, नंतर मैत्रिणींना विचारून खात्री केली. मग जॉइन व्हायची तारीख तीन आठवडे पुढे मागितली, ती लगेच मिळाली. पगारात जागा नसेल तर दुसरीकडे असते हे तेव्हा कळलं.

किनारा

धागा अगदी वेळेवर आला. काल ऑफर आली, आज चारला फोन आहे. सध्याचा १०० धरला तर ११०, सगळा फिक्स्ड, व्हेरिएबल नाही, बोनस नाही. मला ११८ हवेत. जुनी कंपनीही थांबवायचा प्रयत्न करणार असं दिसतंय. काय बोलू?

खुर्चीपलीकडून

सगळा फिक्स्ड आहे म्हणजे पाऊलवाट यांच्यासारखं मोजत बसायला नको. ग्रेड कोणती आणि तिची मर्यादा किती, हे आधी विचारा. मर्यादा ११२ असेल तर ११८साठी भांडून काही नाही, तिथे वरची ग्रेड मिळते का हाच प्रश्न. जागा असेल तर ११८ सांगा, कारण एका वाक्यात, आणि मग गप्प बसा. लोक आकडा सांगतात आणि पलीकडे दोन सेकंद शांतता झाली की घाबरून स्वतःच "११४ पण चालतील" म्हणतात. पलीकडचा बहुधा नुसतं लिहून घेत असतो.

जुन्या कंपनीचं आज काढूच नका.

तिरकस

काढा की. तोच तर पत्ता आहे.

खुर्चीपलीकडून

तो पत्ता टाकला की मी धरून चालते की हा माणूस राजीनामा देणार नाही. मग मी दुसऱ्या उमेदवाराला गरम ठेवते.

किनारा

फोन झाला. मर्यादा सांगायला नकार दिला. ११८ म्हणालो आणि गप्प बसलो. खरंच फार वेळ शांतता होती, कीबोर्डचा आवाज येत होता. मग म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सांगतो." ११४ ओठावर आलं होतं. नाही बोललो.