शब्दचर्चा : सूचनाफलकावर ‘डीपी’ लिहावे की ‘रोहित्र’?

विचारणा (संगणक परिचालक, सेलू तालुका)
वीज कर्मचाऱ्याने गावच्या गटावर असा संदेश टाकला आहे : ‘खालच्या शिवारातली डीपी उडाली, लोड जास्त झाला, ऑटोस्विच काढा, उद्या 10 ते 2 फीडर शटडाऊन.’ यावरून मला ग्रामपंचायतीच्या फलकासाठी सूचना लिहावयाची आहे. डीपीला रोहित्र, फीडरला वीजवाहिनी आणि ऑटोस्विचला ‘स्वयंचलित खटका’ असे शब्द मी योजले आहेत. ते योग्य आहेत का?

निवृत्त मराठी शिक्षिका, अंबाजोगाई
योग्यच आहेत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 पासून आहे, भाषा संचालनालयाचे कोश आहेत. मग सूचनेत इंग्रजी शब्द का ठेवावा? ‘लोडशेडिंग’ला ‘भारनियमन’ हा शब्द वर्तमानपत्रांनी सातत्याने वापरला, म्हणून तो रुळला. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

निवृत्त वीज अभियंता, लातूर
बाई, भारनियमनाबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. परंतु येथे शब्द निवडण्याआधी नेमके काय उडाले हे विचारणे आवश्यक आहे. आपल्या भागात ‘डीपी’ हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी वापरतात. 11 हजार व्होल्टचा दाब शेतीपंपाला लागणाऱ्या दाबापर्यंत उतरविणारे यंत्र म्हणजे रोहित्र, आणि त्याच्याखाली फ्यूज बसविलेली जी पेटी असते, तिलाही लोक डीपीच म्हणतात. फ्यूज गेला असेल तर तो बदलून पुरवठा त्याच दिवशी सुरू होऊ शकतो. रोहित्र जळाले असेल तर ते उतरवून दुसरे आणावे लागते. नवीन फ्यूज टाकताच पुन्हा जात असेल, तेल गळत असेल किंवा जळाल्याचा वास येत असेल, तर संशय रोहित्रावर घ्यावा. कर्मचाऱ्याला न विचारता ‘रोहित्र जळाले’ असे फलकावर लागले, तर लोक हरभऱ्याला पाणी देण्यासाठी भाड्याच्या इंजिनाची सोय करून बसतील.

शेतकरी, कन्नड तालुका
आमच्याकडे गेल्या आठवड्यापासून एक फेज येत नाही. शेजाऱ्याने दोन फेजवर मोटार चालविली आणि ती जळाली. तक्रार कोठे करावी, हे कोणी सांगेल का?

निवृत्त वीज अभियंता, लातूर
दादा, बिलावरील ग्राहक क्रमांक घेऊन उपकेंद्रात लेखी तक्रार द्या आणि तोपर्यंत मोटार बंदच ठेवा. आपल्या प्रश्नातून या चर्चेलाही एक उदाहरण मिळाले. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत फेजला ‘कला’ म्हणतात, पण ‘एक कला बंद आहे’ असे फलकावर वाचून कोणी मोटार बंद करणार नाही. ज्या शब्दावर माणसाने लगेच काही कृती करावयाची असते, तो शब्द त्याच्या तोंडचाच असावा.

निवृत्त मराठी शिक्षिका, अंबाजोगाई
मग ‘खटका’ हा शब्दही लोकांच्या तोंडचाच आहे. त्याला ‘स्वयंचलित’ जोडले तर काय बिघडते?

निवृत्त वीज अभियंता, लातूर
‘खटका’ म्हटले की घरातील दिव्याचे बटण डोळ्यांसमोर येते. ऑटोस्विच हे मोटारीच्या स्टार्टरला जोडलेले निराळे साधन असते. वीज आली की शेतकरी घरी असतानाही ते मोटार सुरू करते. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. 63 केव्हीएच्या रोहित्रावरील दहा-बारा पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर फ्यूज उडणारच. दुकानातही ते ऑटोस्विच म्हणूनच मिळते, म्हणून हे नाव ठेवावे आणि कारण मात्र मराठीत लिहावे. ‘लोड’चे तसे नाही. बिलावर ‘मंजूर भार’ असतोच, तेव्हा ‘भार’ निःशंक लिहावे. ‘शटडाऊन’लाही ‘वीजपुरवठा बंद’ पुरेसे आहे.

विचारणा करणारी
कर्मचाऱ्याला विचारले, केवळ पेटीतील फ्यूज गेले आहेत. म्हणून सूचना अशी लिहिली आहे :

‘खालच्या शिवारातील डीपीच्या पेटीमधील फ्यूज अतिभारामुळे गेले आहेत, रोहित्र सुस्थितीत आहे. दुरुस्तीसाठी उद्या सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेत फीडरचा वीजपुरवठा बंद राहील. वीज आल्यावर सर्व मोटारी एकदम सुरू होऊन फ्यूज पुन्हा जाऊ नयेत, यासाठी शेतकऱ्यांनी स्टार्टरचे ऑटोस्विच काढावेत. पुरवठा वेळेआधीही सुरू होऊ शकतो, म्हणून कोणीही तारांना किंवा पेटीला हात लावू नये.’

निवृत्त मराठी शिक्षिका, अंबाजोगाई
‘फीडर’ मात्र मला अजूनही खटकतो. वीजवाहिनी हा शब्द सरळ आहे आणि बातम्यांत रोज येतो.

निवृत्त वीज अभियंता, लातूर
सरळ आहे, पण गावात एखादी तारही वीजवाहिनीच ठरते आणि फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघालेली, अनेक रोहित्रांना वीज देणारी संपूर्ण वाहिनी. फीडरचे नाव दिले, तर ‘अमुक वीजवाहिनी’ चालेल. नावाशिवाय मी तो शब्द लिहिणार नाही.

निवृत्त मराठी शिक्षिका, अंबाजोगाई
मी नावाशिवायही लिहीन. फीडर कोणता, हे तर ‘फीडर’ लिहूनही कळत नाही.