नाव बदलून HEIC चा JPG होत नाही

> "बहिणीने ड्राइव्हवर टाकलेले फोटो उतरवले, पण विंडोज ७ वर .heic फाइल उघडतच नाहीत."

HEIC हा आयफोनचा फोटो साठवायचा प्रकार. शेपटाला .jpg लावून बघू नका, आतला माल तोच राहतो. आमच्या पंचवटीतल्या जुन्या पीसीवर बागेतल्या द्राक्षघडांचे फोटो असेच अडले होते. मावसभावाने आयफोनच्या 'फोटोज'मध्ये ते निवडून 'कॉपी फोटोज' केलं, 'फाइल्स'मधल्या फोल्डरात पेस्ट केलं, तर JPEG झाले. तेच पुन्हा पाठवायला सांगितलं.

आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमधलं 'मोस्ट कंपॅटिबल' फक्त पुढच्या फोटोंना लागू होतं, जुने तसेच राहतात. शिवाय JPEG ला जागा जास्त लागते. ऑनलाइन कन्व्हर्टरवर घडांचे फोटो चालतील, आधार कार्डाचे मात्र मी टाकणार नाही.