मदत हवी आहे: स्क्रीनशॉटवरून खोटं प्रोफाइल ओळखता येतं का?

मावशीने एका इन्स्टाग्राम प्रोफाइलचा स्क्रीनशॉट पाठवून एवढंच विचारलंय, "या माणसावर विश्वास ठेवू का?" फोटो लष्करी गणवेशातला. निळी टिक नावाशेजारी नाही, खाली बायोमध्ये आहे, म्हणजे ती नुसती इमोजी. मला तिथेच शंका आली. पण खातं कधी उघडलं हे स्क्रीनशॉटमध्ये कळत नाही. त्यासाठी प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबांतून About this account बघावं लागतं, आणि मावशीने वरचं युजरनेमच कापलंय. ते मागवलंय.

तोवर फोटो गूगल लेन्सवर टाकते. दुसऱ्याच नावाने सापडला तर प्रश्न मिटला, पण काहीच सापडलं नाही तर काय समजायचं? आणि त्याने पैसे मागितलेत का, हे तिला न दुखावता कसं विचारू?