मदत हवी आहे : अंगणातल्या जगाच्या नकाशावर उड्या मारताना मुलं चुकीचा भूगोल शिकतायत

कोकणातल्या_बाई

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवते. शाळेपुढे सात मीटर बाय चार मीटरचा कोबा आहे. गेल्या महिन्यात त्यावर खडूने जगाचा नकाशा आखला. वर्गातला भिंतीवरचा नकाशा घेतला, त्यावर चौकोन पाडले आणि तेच मोठे करून अंगणात उतरवले. खेळ असा की मी नाव पुकारायचं आणि मुलांनी तिथवर जायचं. जमिनीवर दोन पाय, समुद्रात लंगडी. मुलांना खेळ इतका आवडला की मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून पळतात.

पण दोन गोष्टींनी माझी झोप उडाली आहे.

पहिली अशी. मी म्हटलं, "जपानहून अमेरिकेला जा." चौथीतली एक मुलगी जपानवरून वळली, चीन, रशिया, युरोप असं सगळं दोन पायांनी ओलांडून अटलांटिकमध्ये लंगडी घालत अमेरिकेला पोचली. पलीकडे पॅसिफिक आहे म्हटलं तर म्हणाली, "बाई, तिकडे तर नकाशा संपतो."

दुसरी ग्रीनलँडची. मुलांनी भारताच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापले आणि कुठल्या देशात किती भारत मावतात ते बघायला लागली. ग्रीनलँडमध्ये सहा ठेवले तरी जागा उरली. ग्रीनलँडचं क्षेत्रफळ आहे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आणि भारताचं ३२.८७ लाख. म्हणजे एकसुद्धा पूर्ण मावायला नको!

शाळा उघडायच्या आत हा नकाशा रंगात पक्का करायचा आहे, ग्रामस्थांनी रंगाचे पैसे जमवले आहेत. एकदा रंगवला की चूक दहा वर्षं राहील. कसा आखू?

भटका_सातारकर

ताई, दोष तुमचा नाही, भिंतीवरच्या नकाशाचा आहे. तो मर्केटरचा असणार. त्यात ध्रुवाकडे जाल तसं सगळं फुगत जातं. सोपा उपाय सांगतो. दर दहा अंशांना एक रेघ मारा, उभ्या आणि आडव्या दोन्हींत सारखंच अंतर ठेवा. आडवे ३६ घर, उभे १८ घर. १५ सेंटिमीटरचं घर धरलं तर ५४० बाय २७० होतं, तुमच्या कोब्यात सहज बसतं. नकाशाच्या पुस्तकातून एकेक घर बघून उतरवायचं. ग्रीनलँडचा प्रश्न मिटला.

निवृत्त_भूगोलमास्तर

सातारकरांचं निदान बरोबर आहे, औषध मात्र अर्धंच लागू पडतं. सारख्या चौकोनांत ग्रीनलँड मर्केटरइतका फुगत नाही हे खरं, पण तरी तिपटीच्या आसपास मोठा दिसतो. कारण उघड आहे. विषुववृत्तावर दहा रेखांशांत जेवढं अंतर असतं त्याच्या निम्मंच ६० अंशांवर उरतं, आणि आपण दोन्हीकडे १५ सेंटिमीटरच देतोय. बाईंची मुलं कागद ठेवून मोजणार आहेत, त्यामुळे त्यांना क्षेत्रफळ खरं दाखवणारा नकाशाच लागेल.

त्यासाठी उभ्या रेघा १५ सेंटिमीटरवरच ठेवा. आडव्या रेघा मात्र ध्रुवाकडे जवळजवळ आणत न्या. रुंदी फुगते तेवढी उंची चेपायची, की क्षेत्रफळ जागेवर येतं. दहावीतली साईनची कोष्टकं आठवत असतील तर ११५ ला अक्षांशाच्या साईनने गुणायचं. गणित मी करून देतो. कोब्याच्या मधोमध विषुववृत्त आखा आणि तिथूनच टेप लावा. १० अंश येतात २० सेंटिमीटरवर, २० अंश ३९.५ वर, ३० अंश ५७.५, ४० अंश ७४, ५० अंश ८८, ६० अंश ९९.५, ७० अंश १०८, ८० अंश ११३ आणि ध्रुव ११५ वर. खालच्या बाजूलाही तेच आकडे. दर वेळी टेप विषुववृत्तापासूनच धरा. आधीच्या रेघेपासून पुढची मोजत गेलात तर अर्धा-अर्धा सेंटिमीटर साठत जाऊन ध्रुवापर्यंत चार-पाचचा फरक पडतो.

चौकट होईल ५४० बाय २३०. ती काटकोनात आहे का हे कर्णांवरून कळतं. दोन्ही कर्ण ५८७ भरले पाहिजेत. एक ५८५ आणि एक ५८९ आला तर चौकट कललेली आहे, रेघा मारायच्या आधीच सुधारा. लांब रेघांसाठी सुतळी गेरूत भिजवून दोघांनी ताणून धरायची आणि मधून उचलून सोडायची. मी पंचवीस वर्षं हेच केलं.

त्याचा तोटाही सांगतो. भारत थोडा उभट दिसेल, ५३ सेंटिमीटर उंच आणि ४३-४४ रुंद. मुलं विचारतील. सांगायचं की गोल पृथ्वी सपाट करताना काहीतरी सोडावं लागतं, आपण आकार थोडा सोडला आणि क्षेत्रफळ राखलं.

ऑकलंडची_वैनी

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण राहवत नाही म्हणून विचारते. आम्ही न्यूझीलंडला राहतो. लेकासाठी जमिनीवर अंथरायचा जगाचा नकाशा मागवला, त्यात न्यूझीलंडच नाही! ऑस्ट्रेलियाच्या पुढे चौकट संपते. तो रोज विचारतो, "आई, आपण कुठे उभं राहायचं?" तुमच्या आकड्यांनी घरातल्या गालिच्यावर चिकटपट्टीने असा नकाशा करता येईल का? जागा तीन मीटरच आहे.

निवृत्त_भूगोलमास्तर

वैनी, नक्की करा. तीन मीटर म्हणजे ३६ घरांना प्रत्येकी ८ सेंटिमीटर, म्हणजे २८८. माझे सगळे आकडे ०.५३ ने गुणा. मात्र लहान समुद्रांत पाऊल मावणार नाही, तिथे गोटी किंवा सोंगटी सरकवावी लागेल.

तुमच्या प्रश्नात बाईंच्या पहिल्या अडचणीचं उत्तर दडलंय. नकाशा कुठेतरी कापावाच लागतो. बहुतेक जण १८० रेखावृत्तावर कापतात आणि रशियाचं पूर्वेकडचं टोक तुटून अमेरिकेच्या बाजूला जातं. त्याऐवजी १७० अंश पश्चिमेवर कापा. ही रेघ बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळून जाते, रशियाचं टोक जवळजवळ अखंड उजवीकडे राहतं आणि अलास्काची मुख्य भूमी डावीकडे. न्यूझीलंडही चौकटीत पूर्ण बसतं, उजव्या कडेपासून १७ सेंटिमीटर आत. डाव्या कडेपासून ग्रिनिचची रेघ मग २५५ सेंटिमीटरवर येईल.

आता नियम. दोन्ही कडा म्हणजे एकच दार. उजव्या कडेच्या ज्या आडव्या पट्टीतून बाहेर पडलात त्याच पट्टीतून डावीकडे आत यायचं. मुलाने चौकटीबाहेरून धावत वळसा घालायचा, तो वेळ मोजायचा नाही. त्यासाठी पट्ट्यांना दोन्ही कडांवर सारखे रंग द्या. जपानहून लंगडी घालत निघालेलं मूल ३० ते ४० अंशांच्या पिवळ्या पट्टीतून बाहेर पडलं की पिवळ्यातूनच कॅलिफोर्नियाच्या समोर उगवतं. दोनदा केलं की नकाशा संपत नाही हे पायांना कळतं.

रंगवाला_कोल्हापूर

रंगाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, आमचा तोच धंदा आहे. कोकणात उघड्या कोब्यावर भिंतीचा ऑइलपेंट लावू नका. पहिल्या पावसात काचेसारखा होतो आणि पोरं लंगडी घालणार आहेत. बाहेरच्या फरशीसाठीचा फ्लोअर पेंट घ्या आणि शेवटचा हात ओला असतानाच चाळलेली, धुऊन वाळवलेली बारीक वाळू भुरभुरा.

त्याआधी शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन पूर्ण वाळू द्या. वाळलंय की नाही हे बघायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर रात्रभर चिकटवून ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर खालून ओल येतेय. त्यावर काहीही लावलंत तरी पापुद्रे निघणार.

भटका_सातारकर

मास्तर, चूक मान्य. साईनचं लक्षातच आलं नव्हतं. एक शंका मात्र आहे. ६० अंशांच्या खाली फक्त साडेपंधरा सेंटिमीटर उरतात, आणि अंटार्क्टिकाची पट्टी त्याहूनही बारीक. मुलांनी उभं कुठे राहायचं?

निवृत्त_भूगोलमास्तर

अंटार्क्टिकासाठी शेजारी वेगळा गोल काढा, ध्रुव मधोमध धरून, मीटरभर व्यासाचा. खालच्या कडेला कुठेही पोचलेलं मूल त्या गोलात उडी मारतं. नकाशात ती लांबच लांब पट्टी दिसते, प्रत्यक्षात तो एक गोलसर खंड आहे, हेही त्यातून दिसतं.

अरुंद समुद्रांना मात्र थोडं खोटं बोलावंच लागेल. तांबडा समुद्र जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा येतो. तो पाऊलभर रुंद काढा आणि त्यावर पांढरे ठिपके द्या, म्हणजे इथे माप सोडलंय हे कळेल. त्याच्याशिवाय माझा आवडता खेळ होत नाही. मुंबईहून लंडनला दोन मुलं जहाजाने निघतात, एकाच मापाच्या, साधारण ३० सेंटिमीटरच्या उड्या मारत. एकाला सुवेझ बंद, म्हणजे तो १८६९ च्या आधीचा. तो आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून दहा-अकरा उड्यांत पोचतो. दुसरा एडन, तांबडा समुद्र, भूमध्य समुद्र, जिब्राल्टर असा सहाएक उड्यांत. मोजणी बाकीच्या मुलांनी मोठ्याने करायची, म्हणजे काठावरची पोरंही खेळात राहतात.

कोकणातल्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल खडूने आखून पाहिलं. पहिल्यांदा कर्ण ५८४ आणि ५९० आले, चौकट पुन्हा बांधली. संध्याकाळी मुलांनी नव्या मापाचा कागदी भारत कापला आणि ग्रीनलँडवर ठेवायला गेली. ग्रीनलँड आता इतकं आडवं आणि बुटकं दिसतं की कागदाचे तुकडे करून बसवावे लागले. ग्रीनलँड भरलं आणि हातात एक तृतीयांशाच्या आसपास कागद उरला. तो उरलेला कागद एका मुलाने दप्तरात घालून घरी नेला.

प्लास्टिकच्या कागदाखाली थेंब आलेत, त्यामुळे उत्तरेकडचा कोपरा अजून वाळवतोय.

एक अडलंय. युरोप आणि आशियाच्या मधे रेघ कुठे मारू? उरल पर्वतापर्यंत ठीक आहे, पण त्याच्या खाली काळ्या समुद्रापर्यंत प्रत्येक पुस्तकात वेगळी रेघ दिसते. रंग बदलायचा आहे, त्यामुळे ठरवावं लागेल.

भटका_सातारकर

कॉकेशसच्या माथ्यावरून मारा, बहुतेक नकाशांत तीच असते.

निवृत्त_भूगोलमास्तर

मी कॉकेशसच्या उत्तरेच्या सखल भागातून जाणारी रेघ शिकवत आलो, तीही पुस्तकांत आहे. बाई, तिथे पक्की रेघ रंगवूच नका. दोन्ही रंग एकमेकांत मिसळू द्या आणि तिथे उभ्या असलेल्या मुलाला विचारा, तू कुठल्या खंडात आहेस आणि का.