भटुऱ्याने किती तेल प्यायलं, हे मोजायचं कसं?

"तळण्याआधी आणि नंतर भटुरा वजन केला, फरक दोनच ग्रॅम. म्हणजे तेल इतकंच धरू का?"

नको. तळताना पाणी उडतं आणि त्याची जागा तेल घेतं, म्हणून वजन फारसं हलत नाही. भटुरा नाही, तेल मोजा.

गेल्या रविवारी कोथरूडला घरी मी कढईसकट तेल तळणाआधी आणि पूर्ण गार झाल्यावर काट्यावर ठेवलं. चार भटुऱ्यांत ४८ ग्रॅम कमी झालं, म्हणजे एकाला १२. टिपकागदावरचं तेलही यातच आलं, त्यामुळे आकडा किंचित जास्तच. तेल कमी तापलं की भटुरा फुगत नाही, बोटांना तेलकट लागतो. तेव्हा आकडा वाढतो.

एका भटुऱ्यात मैदा ३६ ग्रॅम, साधारण १२५ कॅलरी, तेलाच्या १०८. म्हणजे जवळपास निम्म्या तेलाच्याच!

छोले मात्र कोरडे असतानाच मोजा, शिजल्यावर पाण्याने फसगत होते. २०० ग्रॅम छोले, फोडणीला ४० ग्रॅम तेल, चार वाट्या: वाटीला कांदा-टोमॅटो धरून ३०० कॅलरी.

दोन भटुरे, एक वाटी: सुमारे ७७० कॅलरी, प्रथिनं १७-१८, कर्बोदकं ९०, स्निग्धांश ३७ ग्रॅम. हॉटेलचा भटुरा मोठा असतो, तिथे हे आकडे लावू नका.