काटा हलत नाही, परकर मात्र सैल होतोय: मेंटेनन्सवर खाऊन वेट ट्रेनिंग करणाऱ्यांचे अनुभव

सईची_आई: उपाशी न राहता, म्हणजे मेंटेनन्सच्या आसपास खाऊनच, चरबी कमी आणि स्नायू जास्त असं कुणाकुणाला जमलंय? किती वेळ लागला आणि फरक पडतोय हे कशावरून कळलं ते लिहा. माझ्यापासून सुरू करते.

वय ४१, वजन ६६ किलो, अंडी खाते, मटण-मासे नाही. आधी दोन आठवडे नेहमीचंच खाल्लं पण सगळं वजन करून लिहून ठेवलं, वजन स्थिर होतं आणि सरासरी आली १८०० कॅलरी. तेवढंच ठेवलं, फक्त प्रोटीन ४५ ग्रॅमचं ९५ च्या आसपास नेलं. पोहे अर्धे करून सोबत दोन अंडी, दुपारच्या भाजीत ४० ग्रॅम कोरडे सोया चंक्स, संध्याकाळी चिवड्याऐवजी व्हेचा एक स्कूप, रात्री १०० ग्रॅम पनीर, बाकी पोळी वरण दही होतंच. भात आणि फोडणीचं तेल कमी केलं, नाहीतर कॅलरी वर जात होत्या.

जिम आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या महिन्यात वजन चक्क किलोभर वाढलं आणि घरी सगळे हसले. तीन महिन्यांनी वजन ६५.८, पण बेंबीजवळ टेप ८९ वरून ८६ वर, आणि गॉब्लेट स्क्वॉटचा डंबेल ८ चा २० किलो झाला होता. सात महिन्यांनी वजन ६४.५, कंबर ८२. परकराची नाडी चार बोटं जास्त ओढावी लागते आणि जुन्या ब्लाउजच्या बाह्या दंडाला रुततात, टेलर म्हणाला जाड झालात का!

लोखंडी_पंजा: मस्त ताई! प्रोटीन हाच सगळा खेळ आहे, पण वर्कआउटनंतर अर्ध्या तासात घेतलं तरच लागतं, नाहीतर वाया. माझं जिमच्या मशीनवर फॅट तीन आठवड्यांत २७ वरून २२ टक्के आलं.

जुना_खेळाडू: पंजा भाऊ, प्रोटीनचं बरोबर पण अर्ध्या तासाचं एवढं मनावर घेऊ नका, दिवसभराचा आकडा महत्त्वाचा, किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास पुरतं. आणि तीन आठवड्यांत पाच टक्के चरबी मेंटेनन्सवर जात नसते हो. ते मशीन अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, जेवून किंवा घाम गाळून उभं राहिलात की आकडा बदलतो.

मी बरीच वर्षं लोकांना व्यायाम शिकवतोय. पहिल्या महिन्यात उचलायची वजनं भराभर वाढतात ती बहुतेक सवयीने, शरीर हालचाल शिकतं म्हणून, आणि नव्या व्यायामाने स्नायू पाणी धरतात म्हणून काटा वर जातो. आरशात दिसायला तीन महिने, दुसऱ्यांच्या लक्षात यायला सहा धरा. दर आठवड्याला एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, सहज श्वास सोडून बेंबीवर टेप लावा. कंबर कमी आणि वहीत लिहिलेली उचलायची वजनं वर, तर काम चालू आहे. कंबर कमी पण वजनंही खाली, तर नुसतं बारीक होताय. दोन्ही वर, तर खाणं जास्त होतंय. दोन महिने दोन्ही जागच्या जागी असतील तर शनिवार-रविवारचं हॉटेल वहीत लिहिलंय का ते बघा, नाहीतर तोच ५ किलोचा डंबेल अजून उचलताय का ते.

निवांत_काका: माझं वजन ९८, पंधरा किलो उतरवायचंय, रोज सहा किमी चालतो. म्हणजे मी आता खाणं कमी करायची गरज नाही ना?

जुना_खेळाडू: काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे. पंधरा किलो काट्यावर उतरवायचेत तर खाणं थोडं कमी करावंच लागेल, रोज तीनेकशे कॅलरी कमी चालतील, पण वजनं उचलायला लागा म्हणजे स्नायू टिकतील. शुगर-बीपीच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

डब्लिनचा_बंड्या: उलटा अनुभव. पाच वर्षं जिम करतोय, आधीच बारीक, ॲब्ज दिसतात. वर्षभर मेंटेनन्सवर खाल्लं, बेंच प्रेस २.५ किलोने वाढला, फोटोत शून्य फरक. शेवटी थोडं जास्त खायला लागलो तेव्हा हललं. नवख्यांना, मध्ये खंड पडलेल्यांना किंवा पोट असलेल्यांनाच हे लवकर जमतं असं माझं मत.

रानजाई: जिम परवडत नाही. सूर्यनमस्कारांनी होईल का? माझ्या बहिणीचे दंड तर झालेत.

जुना_खेळाडू: सुरुवातीला होतं, मग तेवढंच वजन राहतं म्हणून थांबतं. आणि पाठीला ओढायचं काही नाही त्यात. पाठपिशवीत पुस्तकं भरून रो करा, म्हणजे कमरेत वाकून पिशवी पोटाकडे ओढा, आणि पिशवी जड करत जा.

लोखंडी_पंजा: सूर्यनमस्काराने नाही होत, माझ्या आजोबांचं पण नाही झालं 😄

सईची_आई: आजोबा सोया चंक्स खायचे का पण? आणि पाळीच्या आठवड्यात टेप २ सेंमी वाढतो तो धरायचा का सोडायचा, कुणी सांगेल? मी सध्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करते.