मदत हवी आहे: आजोबांच्या घड्याळासोबतचं पत्र

येत्या रविवारी नौपाड्यात घरीच आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आम्ही चार नातवंडं मिळून त्यांना चावीचं मनगटी घड्याळ देतोय. वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होते तेव्हा असंच वापरायचे. सोबतचं पत्र मी लिहितेय.

पहिला मसुदा भाषण झाला. 'आपण आमचे आधारस्तंभ' वगैरे. आजोबा असलं ऐकलं की उठून पाणी प्यायला जातात. दुसऱ्यात एकच आठवण ठेवली: मला काटे वाचायला त्यांनी ठाणे स्टेशनच्या फलाटावर शिकवलं, लोकल यायला किती मिनिटं आहेत ते विचारून विचारून. हा बरा वाटतोय.

अडचण चावीची आहे. घड्याळ साधारण दीड दिवस चालतं, म्हणून रोज ठरावीक वेळी चावी द्यावी लागेल. ती मनगटावरून काढून द्यायची, म्हणजे चावीच्या दांडीवर तिरका ताण येत नाही, आणि घट्ट लागलं की थांबायचं. हे त्यांना माहीत असणारच, पण बोटं आता थरथरतात, म्हणून सकाळच्या चहाला धाकटा भाऊ देईल असं ठरलंय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोठं अक्षर स्वतः वाचतात. त्यामुळे एकच पान, हाताने लिहिलेलं. मायना 'तीर्थरूप आजोबांस' असा पक्का आहे. तयार मजकूर नको.

भाऊ चावी देणार हे पत्रात कसं लिहू, म्हणजे 'तुम्हाला जमणार नाही' असा अर्थ निघणार नाही? की ते पत्रात घालूच नये, त्याने तोंडी सांगावं?